बाटलीमागे २६ रुपये सुटणार होते, ते गेले कुठे?

*नमस्कार ताई,*

*आमचा भांडुपला दहाजणींचा बचत गट आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही कैरीच्या लोणच्याच्या बारा खेपा केल्या. दर खेपेला २० किलो कैरी, त्यातून पाव किलोच्या ८५ बाटल्या. एका खेपेला सामान २,९०० रुपयांचं आणि बाटल्या, झाकणं, लेबलं १,७०० रुपयांची, म्हणजे बाटली ५४ रुपयांना पडते. ती आम्ही ८० ला विकली. बाटलीमागे २६ रुपये सुटतील असं वाटलं होतं, पण हंगाम संपल्यावर प्रत्येकीच्या हाती पाचशे रुपयेसुद्धा आले नाहीत. दर वेळी दहा-पंधरा बाटल्या कुठे जातात तेच समजत नाही. दोघी-तिघी जास्त राबतात आणि वाटा सगळ्यांना सारखा, त्यावरून कुरबुर सुरू झाली आहे. भाव वाढवावा तर गिऱ्हाईक म्हणतं, दुकानात याहून स्वस्त मिळतं. आता दादरच्या एका प्रदर्शनात दिवसाला ५०० रुपये भाड्याने स्टॉल मिळतोय, आणि मुलुंडचा एक दुकानदार लोणचं ठेवायला तयार आहे, पण २० टक्के कमिशन मागतो. आम्ही भाव किती लावावा? एका खेपेचा हिशेब सोबत जोडला आहे.*

*— गटाची सचिव*

सचिवताई, नमस्कार.

भाव ठरवण्याआधी गेल्या हंगामातले पैसे कुठे गेले ते शोधू, कारण नवा भाव त्यातूनच निघणार आहे. तुमच्या कागदाप्रमाणे एका खेपेला ८५ बाटल्यांचे ६,८०० रुपये यायला हवे होते आणि खर्च ४,६०० होता. म्हणजे खेपेमागे २,२०० आणि बारा खेपांचे २६,४०० रुपये. दहाजणींत वाटले असते तर प्रत्येकीला अडीच हजारांच्या वर मिळाले असते. मिळाले पाचशेच्या आत, म्हणजे गटाकडे पाच हजारही उरले नाहीत. मधले साडेएकवीस हजार रुपये कोणी खाल्ले नाहीत, एवढं आधी गटातल्या सगळ्यांना सांगा. कुरबुरीत हा संशयही मनात असतो, नुसता बोलला जात नाही.

त्यातली मोठी रक्कम न विकलेल्या बाटल्यांत आहे. दर खेपेला १५ बाटल्यांचे पैसे आले नाहीत असं धरलं, तर ८० रुपयांप्रमाणे १,२०० रुपये होतात, आणि बारा खेपांचे १४,४००. उरलेले सात हजार कागदावर न आलेल्या बारीक खर्चात गेले. वाशीच्या बाजार समितीत जाणं-येणं, स्टेशनपासून रिक्षा, सोसायट्यांत बाटल्या पोचवणं, यांना खेपेमागे ३४० रुपये लागले असतील. गॅस आणि मिक्सरची वीज ८५. शिवाय वर्षातून एकदा होणारे खर्च असतात: अन्न सुरक्षा नोंदणीची फी, वजनकाट्यावर शिक्का मारून घेणं, फुटलेली बरणी, नवं फडकं, मोठं पातेलं. वर्षाचे दोन हजार धरले आणि बारा खेपांवर पसरले तर खेपेला १७० येतात. तिन्ही मिळून ५९५, बारा खेपांचे ७,१४०. आता वजाबाकी करा. २६,४०० मधून १४,४०० आणि ७,१४० गेले की उरतात ४,८६०. प्रत्येकीला ४८६. तुमच्या हाती आलेली रक्कम हीच असणार.

या हिशेबात अजून एक आकडा आलेलाच नाही, तो म्हणजे तुमची मजुरी. तुमच्या कागदावर वेळेचा रकाना नाही, म्हणून २० किलोच्या खेपेला साधारण लागतो तो वेळ मी धरते. तुमचा थोडा इकडेतिकडे होईल. दोघी कैरी आणायला वाशीला गेल्या आणि अर्धा दिवस गेला, तर दोघींचे मिळून आठ तास. कैऱ्या धुणं, एकेक पुसणं, पंख्याखाली कोरड्या करणं याला तिघींचे दोन-दोन तास, म्हणजे सहा. विळीवर आणि अडकित्त्याने फोडून कोय काढायची तर चौघींचे तीन-तीन तास, म्हणजे बारा. मेथी तळणं, मसाला करणं, तेल कडवून गार करणं आणि कालवणं, दोघींचे आठ. बाटल्या धुऊन उकळत्या पाण्यातून काढून वाळवणं चार, भरणं-तोलणं-झाकण-लेबल नऊ, आणि पुढचे काही दिवस ढवळणं, मागची साफसफाई तीन. एकूण ५० तास.

बारा खेपांचे ६०० तास झाले आणि त्यांचे ४,८६० रुपये मिळाले. म्हणजे तासाला आठ रुपये. विकायला फिरलात तो वेळ यात धरलेलाच नाही.

‘घरच्या घरी तर करतो, त्याची कसली मजुरी’ हे वाक्य प्रत्येक गटात ऐकू येतं. मी ते मान्य करत नाही, आणि तुम्हीही करू नका. तीच बाई दुसऱ्याच्या घरी पोळी-भाजीला गेली असती तर तासाचे पैसे घेऊन आली असती. मग तासाचा दर कोणता धरायचा? तुमच्या वस्तीत अशा कामाला जो दर चालू आहे तोच. मी इथे ६० रुपये धरते. कमी दर धरून भाव छान दिसेल, पण चार महिन्यांत बायका एकेक करून गट सोडतील, कारण बाहेर त्याच वेळेत जास्त मिळतात. ५० तासांचे ६० प्रमाणे ३,००० रुपये. बघा, कैरी, तेल, मसाला सगळं मिळून २,९०० आणि हात ३,००० रुपयांचे. तुमच्या लोणच्यातला सगळ्यात महाग जिन्नस तुम्ही हिशेबात धरलाच नव्हता.

गटातल्या कुरबुरीचा उपायही इथेच आहे. मजुरी हा नफ्याचा वाटा नाही, तो तेलासारखा खर्च आहे आणि तो आधी द्यायचा. भिंतीवर एक वही टांगा. प्रत्येकीने आली-गेलीची वेळ लिहायची आणि खेप संपली की जिचे जितके तास तिला तितके पैसे. त्यानंतर जे उरेल ते दहाजणींत सारखं वाटा, किंवा गटाच्या खात्यात ठेवा. मुंबईत हे नवीन नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं. तिथे लाटणाऱ्या बाईला ती जितके किलो लाटेल तितकी मजुरी मिळते, आणि नफ्याचा भाग वेगळा. दोन्ही एकत्र केले की जास्त राबणारीवर अन्याय होतो, आणि कमी येणारी काही चुकीचं करत नसतानाही तिच्यावर बोट रोखलं जातं. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांना रोज येणं जमत नाही. तासांची वही असली की त्यांनाही अपराधी वाटत नाही.

इंधनावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण लोणच्यात ते थोडंच असतं. पाच लिटर तेल कडवायला आणि बाटल्यांचं पाणी उकळायला गॅस अर्धा किलोच्या आसपास लागतो. अंदाज करण्यापेक्षा खेप सुरू करण्याआधी आणि संपल्यावर सिलिंडर काट्यावर ठेवा, किती ग्रॅम गेला ते कळेल. दर मात्र धंद्याच्या १९ किलोच्या सिलिंडरचा धरा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, आणि त्याच्या दराने हिशेब केला तर भाव खोटा निघतो. पुढे कधी साबुदाण्याच्या किंवा तांदळाच्या उकडीच्या पापड्या करायला घेतल्या, तर मात्र हा आकडा नीट काढा. तिथे चीक शिजवण्यात बराच गॅस जातो.

आता सगळं एकत्र मांडते. सामान २,९००, बाटली आणि लेबल १,७००, मजुरी ३,०००, गॅस-वीज ८५, वाहतूक ३४०, वर्षाच्या खर्चाचा वाटा १७०. एकूण ८,१९५ रुपये. ८५ ने भागलं तर बाटली ९६ रुपयांना पडली. बहुतेक गट इथेच थांबतात, आणि इथेच चुकतं, कारण तुम्ही ८५ बाटल्या भरल्या असल्या तरी पैसे ७० बाटल्यांचेच आले. ज्या पंधरा बाटल्यांनी काही आणलं नाही त्यांचाही खर्च या सत्तर बाटल्यांनाच उचलायचा आहे. म्हणून ८,१९५ ला ७० ने भागा. एका विकलेल्या बाटलीचा खरा खर्च ११७ रुपये निघतो, आणि तुम्ही ती ८० ला देत होतात. भागाकार नेहमी पैसे आलेल्या बाटल्यांनी करायचा, भरलेल्या बाटल्यांनी नाही.

पण म्हणून पंधरा बाटल्यांचा भार तसाच गिऱ्हाइकावर टाकावा, असंही मी म्हणणार नाही. थोडी घट प्रत्येक धंद्यात असते आणि ती भावात धरायलाच हवी. ८५ तल्या सातेक बाटल्या मला रास्त वाटतात. त्यापुढची घट हा कामातला दोष आहे, तो शोधून काढायचा. शोधायला एक साधी नोंद पुरते. प्रत्येक खेपेला क्रमांक द्या आणि तो लेबलवर छापा. मग त्या क्रमांकासमोर लिहीत जा: किती भरल्या, कितींचे पैसे आले, किती उधारीवर किंवा दुकानात आहेत, किती चवीला आणि भेट म्हणून गेल्या, किती खराब झाल्या. दुकानात ठेवलेली बाटली विकली गेली असं कधीही लिहू नका. पैसे हातात आले की ती विकली. दोन खेपांत तुमच्या पंधरा बाटल्या कुठे जातात ते दिसेल.

माझा अंदाज सांगते. चार-पाच बाटल्या चव दाखवण्यात आणि नणंद-जावेला देण्यात जातात. गटातल्या कुणी घरी न्यायची तर खर्चाच्या भावाने विकत न्यायची, असा नियम करा. चवीसाठी एका खेपेची एकच बाटली उघडायची आणि कोरडा चमचा वापरायचा. दोन-तीन बाटल्या खराब होतात, आणि मुंबईच्या हवेत त्या जुलैत जास्त होतात, कारण मे महिन्यात भरलेली बाटली पावसाळ्यात फडताळात बसलेली असते. वरच्या फोडीवर पांढरी बुरशी दिसली तर फोडी तेलाच्या वर आल्यात किंवा कैरी ओली राहिली होती, असं समजा. झाकणाभोवती तेल पाझरत असेल तर बाटली गळ्यापर्यंत भरली आहे किंवा झाकणाच्या आतली चकती बसलेली नाही. उघडताना फस् आवाज आला किंवा बुडबुडे दिसले, तर लोणचं आंबू लागलंय. पाणी राहिलं असेल किंवा मीठ कमी पडलं असेल. ती बाटली विकू नका, आणि त्या क्रमांकाच्या बाकीच्या बाटल्या लगेच तपासा. एका खराब बाटलीमुळे अख्खी सोसायटी तुटते.

उरलेल्या सहा-सात बाटल्या नुसत्या पडून राहतात. यांचं कारण एकच, मागणी न बघता लोणचं घातलं जातं. कैरी स्वस्त मिळाली म्हणून एका आठवड्यात दोन खेपा होतात आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं. दिवाळीनंतर त्या बाटल्या कमी भावात काढल्या, तर आलेले पैसे त्याच खेपेच्या नोंदीत जमा करा. पण त्या भरवशावर भाव ठरवू नका. नवी कैरी बाजारात आली की गेल्या वर्षीचं लोणचं कोणी फारसं विचारत नाही.

मजुरीही थोडी खाली आणता येते, तासाचा दर न पाडता. कैरी फोडायला तुमचे बारा तास जातात. हंगामात कैरीवाले मोठ्या अडकित्त्यावर तिथल्या तिथे फोडून देतात. त्याने किलोमागे १० रुपये घेतले तर २० किलोचे २०० रुपये होतील आणि तुमचे निदान दहा तास, म्हणजे ६०० रुपये वाचतील. एकच काळजी घ्या. वाशीत फोडून घेतलेली कैरी लोकलच्या लगेज डब्यातून भांडुपला येईपर्यंत घामेजते, म्हणून फोडून घ्यायची ती जवळच्या बाजारातून घ्या. तिथे आधी कैऱ्या धुऊन पुसायला मिळतात का ते बघा, आणि घरी आणल्या आणल्या हळद-मीठ लावा. जवळच्या बाजारात कैरी किलोला पाच-सात रुपये महाग पडेल, तरी वाशीला जाण्याचे तास आणि भाडं वाचतं. दोन्ही रस्त्यांचा हिशेब एकदा कागदावर करा. मी इथे नुसतं फोडणावळीचं धरते. ४०० रुपये कमी झाले म्हणजे खेपेचा खर्च ७,७९५, आणि सात बाटल्यांची घट धरून पैसे येणार ७८ बाटल्यांचे. भागाकार केला की बाटलीला बरोबर १०० रुपये.

या शंभरात तुमची मजुरी आली, पण पुढच्या वर्षीच्या खरेदीला काही उरलं नाही. उधारीवर तेल-मसाला उचलायची वेळ येऊ नये म्हणून त्यावर १० ते १५ रुपये ठेवा. म्हणजे बाटली तुमच्या दारातून निघताना गटाला किमान ११० ते ११५ रुपये मिळायला हवेत. ही गटाची तळरेघ. गिऱ्हाइकाने द्यायची किंमत याहून वेगळी असणार, कारण विकायलाही खर्च येतो.

दादरचा स्टॉल घ्या. भाडं ५००. दोघी आठ-आठ तास बसल्या, त्यांचे ६० प्रमाणे ९६०. जाण्या-येण्याचे आणि सामान नेण्याचे १००. एका दिवसाचे १,५६० झाले. दिवसभरात ४० बाटल्या गेल्या तर बाटलीमागे ३९ रुपये विकण्यात गेले. मुलुंडचा दुकानदार १५० रुपयांच्या बाटलीवर २० टक्के, म्हणजे ३० रुपये मागतोय. आपण त्याला लुबाडणारा समजतो आणि स्टॉल आपला म्हणून फुकट समजतो, पण या हिशेबात दुकानच स्वस्त पडतं. स्टॉलवर दिवसाला ५२ बाटल्या जाणार असतील तरच तो दुकानाच्या बरोबरीला येतो. मागच्या वर्षी तिथे बसलेल्या गटांना दिवसाची विक्री किती झाली ते विचारा, मगच भाडं भरा. दुकानदाराशी मात्र दोन गोष्टी आधीच ठरवा: पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला देणार, आणि न विकलेली बाटली किती दिवसांत परत करणार. सहा महिन्यांनी परत आलेली बाटली तुमच्या काहीच कामाची नसते. सुरुवातीला त्याच्याकडे डझनभरच ठेवा.

तिसरा रस्ता सोसायट्यांचा, तो तुमच्याकडे आधीच आहे. एका इमारतीत बारा बाटल्यांची ऑर्डर असली तर पोचवायला एकीचा तासभर आणि वीस रुपये रिक्षा, म्हणजे बाटलीला सात रुपयांच्या आत. इथे १५० ची बाटली १३० ला दिली तरी गटाकडे १२३ येतात. दुकानातून १२०, स्टॉलवरून १११.

म्हणून माझं उत्तर १५० रुपये. बाटलीवर छापायची एमआरपी १५० ठेवा. वजनमापाच्या नियमाप्रमाणे ही किंमत सर्व करांसह असते, आणि छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतलं तर तो गुन्हा ठरतो, पण कमी घ्यायला कोणाची हरकत नाही. भाव वरून खाली येऊ शकतो, खालून वर जाऊ शकत नाही. तुम्ही ८० छापलं असतं तर दुकानाला २० टक्के द्यायला जागाच राहिली नसती. लेबलवर निव्वळ वजन, भरल्याचा महिना आणि खेपेचा क्रमांक यांच्याबरोबर दर ग्रॅमची किंमतही लागते. पाव किलोला १५० म्हणजे ग्रॅमला ०.६० रुपये. लेबलं छापायला देण्याआधी भाव पक्का करा, नाहीतर हजार लेबलं वाया जातात. स्टॉलवर एकेका बाटलीला सवलत देऊ नका. तसं केलं तर मुलुंडचा दुकानदार दुसऱ्याच दिवशी बाटल्या परत पाठवेल. १३० चा भाव फक्त बारा किंवा जास्त बाटल्यांच्या आगाऊ ऑर्डरला द्या.

गिऱ्हाईक दुकानातल्या लोणच्याशी तुलना करणारच, आणि त्याचं खोटं नाही. कारखान्याला तेल, कैरी आणि बाटली तुमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. कारखान्याच्या किमतीशी बरोबरी करायला गेलात तर कमी करण्यासारखी एकच गोष्ट तुमच्या हातात उरते, ती म्हणजे मजुरी. तिथे हात लावू नका. हात लावायचा असेल तर बाटलीला लावा. बाटली, झाकण, सील, लेबल, खोका मिळून २० रुपये जातात. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या घरी तुमची रिकामी बाटली असतेच, त्याला पाव किलोचं उभं पाऊच द्या. जाड, लॅमिनेट केलेलं पाऊच लेबलसकट सहा-सात रुपयांत बसलं तर तो भाव १३ रुपयांनी खाली आणता येतो. पाऊच भरताना नरसाळं वापरा आणि तोंडाजवळ तेलाचा थेंब लागू देऊ नका. तेलकट कडेवर सील धरत नाही, आणि पिशवीतच लोणचं गळलं की ते गिऱ्हाईक गेलं. छोट्या बाटल्या काढा असा सल्ला तुम्हाला कोणी देईल. शंभर ग्रॅमच्या बाटलीला झाकण-लेबलाचा खर्च जवळजवळ तेवढाच लागतो आणि भरायचा वेळही तेवढाच, म्हणून लोणचं थोडं आणि भाव जास्त अशी ती दिसते. चवीची ओळख करून द्यायला चार ठेवा, त्यावर धंदा उभा करू नका.

जुन्या गिऱ्हाइकांना ८० वरून १५० एकदम सांगताना तुमची जीभ अडखळेल, मला कल्पना आहे. जुना माल जुन्या भावात संपवा आणि नवा भाव नव्या लेबलावर, नव्या कैरीपासून सुरू करा. काहीजण सोडून जातील. ८० ला घेणारी सगळी माणसं १५० ला राहणार नाहीत, म्हणून बारा खेपांऐवजी सात-आठ खेपांचीच तयारी ठेवा.

किती खेपा घालायच्या ते एका आकड्यावरून ठरवा. मजुरी सोडून एका खेपेला रोख ५,३९५ रुपये घालावे लागतात. तिन्ही रस्त्यांनी मिळून बाटलीमागे सरासरी ११८ रुपये येतात, म्हणजे ४६ बाटल्या विकल्या की घातलेले पैसे परत आले. ६७ व्या बाटलीला सगळ्यांची मजुरी निघते आणि त्यापुढची प्रत्येक बाटली गटाची शिल्लक. एप्रिलमध्येच सोसायट्यांच्या ग्रुपवर भाव आणि तारीख टाका, ऑर्डरीबरोबर निम्मे पैसे घ्या. ४६ बाटल्यांची ऑर्डर वहीत लिहून होईपर्यंत कैरी आणू नका. पहिल्या दोन खेपांनंतर खरे तास, खरी घट आणि त्या दिवसाचा तेलाचा भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा. तेल लिटरला २० रुपयांनी चढलं तर खेपेला १०० रुपये वाढतात, बाटलीला सव्वा रुपया, त्यासाठी भाव बदलायची गरज नाही. पण तुमचे तास ४० ऐवजी ६० निघाले, तर बाटलीला १५ रुपये वाढतील. मग भावाला हात लावण्याआधी, जास्तीचे वीस तास कोणत्या कामात जातात ते वहीत बघा आणि मला कळवा.